गृहपाठाचा फोटो काढून उत्तर मिळवण्याविषयी इयत्ता आठवी ते दहावीच्या पालकांना सूचना

सन्माननीय पालकहो,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या घटक चाचणीनंतर दहावीच्या एका तुकडीच्या बीजगणिताच्या वह्या तपासताना आमच्या शिक्षिकांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. त्यांनी फळ्यावर स्वतः तयार करून दिलेले एक वर्गसमीकरण पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवायचे होते. त्याला दोन मुळे होती. परंतु सात मुलांनी एकच मूळ लिहिले होते, सातही जणांचे ते मूळ बरोबर होते आणि सातही वह्यांत ‘पूर्ण वर्ग’ हा शब्ददेखील नव्हता. शांतपणे विचारल्यावर कळले की एका मुलाने आपल्या वहीत उतरवून घेतलेल्या गणिताचा मोबाइलवर फोटो काढला, ॲपने दिलेले उत्तर मित्रांच्या ग्रूपवर टाकले आणि इतरांनी ते जसेच्या तसे उतरवले. त्या मुलांना शिक्षा केलेली नाही. मात्र ती चूक नेमकी कशी झाली हे उलगडल्यावर असे जाणवले, की या साधनांविषयी पालकांना सांगण्यासारखे जे आहे ते बहुतेक सगळे त्या एका गणितात आहे. म्हणून ही सूचना नेहमीपेक्षा लांब झाली आहे. ती एकदा पाल्यासोबत बसून वाचावी, अशी विनंती आहे.

या साधनांवर शाळा बंदी घालत नाही. मोबाइल आपल्या घरी आहे, गृहपाठही घरीच होतो, आणि जी बंदी तपासता येत नाही तिच्यामुळे मुले फक्त लपवू लागतात, हा आमचा आजवरचा अनुभव आहे. त्याऐवजी आठवी, नववी आणि दहावीच्या गणितासाठी एक ठरावीक पद्धत घालून देत आहोत. सातवीपर्यंतच्या मुलांनी मात्र फोटो काढून उत्तर शोधू नये, कारण त्या वयात अपूर्णांकांच्या बेरजा किंवा शेकडेवारी हाताने करणे हाच गृहपाठाचा हेतू असतो आणि ॲप नेमके तेच काम मुलाच्या हातून काढून घेते.

आपल्या मोबाइलमध्ये कोणत्या प्रकारचे साधन आहे, ते आधी ओळखावे

वरवर पाहता सर्व ॲप सारखीच वाटतात: फोटो काढायचा आणि उत्तर वाचायचे. परंतु आत चालणारे काम तीन वेगवेगळ्या प्रकारचे असते आणि प्रत्येकाची चूक करण्याची तऱ्हा निराळी असते.

पहिल्या प्रकारात फोटोतील अंक, अक्षरे आणि चिन्हे ओळखून त्यांचे समीकरण तयार केले जाते आणि ते गणिताच्या ठरलेल्या नियमांनी सोडवले जाते. फोटोमॅथ हे याचे परिचित उदाहरण आहे. अशा ॲपमध्ये उत्तराच्या वर आपलेच गणित छापील अक्षरांत पुन्हा लिहिलेले दिसते. एकदा समीकरण बरोबर वाचले गेले की पुढील आकडेमोड सहसा चुकत नाही. चुकते ते वाचण्यातच.

दुसऱ्या प्रकारात फोटोतील प्रश्नाशी जुळणारा एखादा आधी सोडवलेला प्रश्न साठ्यातून शोधून दाखवला जातो. डाउटनट या भारतीय ॲपची ओळख अशा पद्धतीमुळेच झाली, आणि गूगल लेन्सने शोध घेतल्यावरही पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी संकेतस्थळावरील सोडवलेले पान समोर येते. पडद्यावर आपले गणित नव्हे तर दुसरेच छापील पान किंवा व्हिडिओ दिसला, की हा प्रकार समजावा. येथे उत्तर स्वतः बहुधा अचूक असते, परंतु ते आपल्या प्रश्नाचे असेलच असे नाही. आकडा एखाद्याच जागी वेगळा असतो, किंवा उदाहरण दुसऱ्या मंडळाच्या पुस्तकातले असते.

तिसऱ्या प्रकारात संवाद साधणारे एआय साधन फोटो पाहून उत्तर वाक्यांत लिहून देते. हे मराठीतही उत्तर देते, पायऱ्या समजावते आणि पुन्हा विचारले तर पुन्हा सांगते, म्हणून मुलांना ते सर्वांत आवडते. त्याची अडचण अशी की चुकीची पायरीसुद्धा ते बरोबर पायरीइतक्याच ठामपणे लिहिते, त्यामुळे भाषेवरून चूक ओळखता येत नाही.

पाल्य कोणते ॲप वापरतो हे त्याला विचारून, एक गणित आपल्यासमोर करून दाखवायला सांगावे. तपासणी म्हणून नव्हे, तर पुढील पायऱ्या समजण्यासाठी हे आवश्यक आहे.

ते सात वह्यांतील गणित

फळ्यावरील समीकरण असे होते:

x² + 6x − 16 = 0

ज्या मुलाने फोटो काढला त्याच्या वहीत x च्या डोक्यावरचा 2 थोडा मोठा आणि थोडा खाली, जवळजवळ ओळीतच लिहिला गेला होता. ॲपने तो घात म्हणून वाचला नाही. x ला 2 ने गुणले आहे असे धरले. म्हणजे त्याने सोडवलेले समीकरण असे होते:

2x + 6x − 16 = 0

यातून 8x = 16 आणि x = 2 असे एकच उत्तर येते. आता यातली गंमत पाहावी. मूळ समीकरणात x च्या जागी 2 घातला तर 4 + 12 − 16 = 0 होते, म्हणजे ताळा जुळतो. मुलाने खरोखर ताळा करून पाहिला होता आणि त्यामुळेच तो निर्धास्त होता. असे घडण्याचे कारण साधे आहे: 2 चा वर्ग आणि 2 ची दुप्पट ही दोन्ही 4 च असतात, त्यामुळे 2 हे मूळ असलेल्या कोणत्याही अशा समीकरणात ही चूक ताळ्याच्या जाळ्यातून निसटते. दुसरे मूळ −8 होते, ते मात्र हरवले.

दुसरी शक्यताही आम्ही करून पाहिली. वजाचे चिन्ह रेघी वहीच्या छापील ओळीवर पडले किंवा शाई फिकी असली तर ते वाचले जात नाही किंवा भलतेच वाचले जाते. समजा −16 ऐवजी +16 वाचले गेले, तर x² + 6x + 16 = 0 या समीकरणाला वास्तव मुळेच नाहीत. अशा वेळी ॲप एकतर ‘वास्तव मूळ नाही’ असे सांगते, नाहीतर उत्तरात i हे अक्षर असलेली मुळे देते. राज्य मंडळाच्या दहावीच्या अभ्यासक्रमात i येतच नाही. म्हणून ज्या पालकांना बीजगणित आठवत नाही त्यांच्यासाठीही एक सोपी खूण सांगता येते: पाल्याच्या उत्तरात i दिसला, तर गणित चुकीचे वाचले गेले आहे असे समजून फोटोकडे परत जावे.

घरी पाळावयाची पद्धत

पहिली पायरी मोबाइलशिवाय आहे. पाल्याने गणित वहीत उतरवावे, त्याखाली कोणती पद्धत विचारली आहे ते शब्दांत लिहावे आणि निदान दहा मिनिटे स्वतः प्रयत्न करावा. प्रयत्न अर्धवट राहिला तर तो खोडू नये. जेथे अडले त्या ओळीसमोर समासात एक फुली करावी. ही फुली आमच्या दृष्टीने फार उपयोगाची आहे, कारण शिक्षकांना ती पाहून मुलाला नेमके काय येत नाही हे एका दृष्टिक्षेपात समजते. पुष्कळ मुले सांगतात की ‘काहीच येत नाही’, आणि फुली पाहिली तर ती शेवटून दुसऱ्या ओळीवर असते.

फोटो शक्यतो छापील पुस्तकातील प्रश्नाचा काढावा. वहीतीलच काढावा लागला तर एका वेळी एकच गणित चौकटीत घ्यावे, वरचे-खालचे गणित आत येऊ देऊ नये, प्रकाश समोरून नव्हे तर बाजूने पडू द्यावा आणि हाताची सावली अक्षरांवर येत नाही ना ते पाहावे. घातांक वर आणि लहान लिहावा. अपूर्णांकाची आडवी रेघ पूर्ण ओढावी. मराठी अंकांविषयी विशेष काळजी घ्यावी. दहावीच्या पुस्तकात गणिते आंतरराष्ट्रीय अंकांत छापलेली असतात, परंतु घरी कच्चे लिहिताना काही मुले सवयीने देवनागरी अंक वापरतात. देवनागरी १ हा 9 सारखा आणि ४ हा 8 सारखा दिसतो, त्यामुळे जे साधन मुख्यतः इंग्रजी अंकांसाठी बनलेले आहे ते ‘१४’ हे 98 म्हणून वाचू शकते. फोटो काढावयाचे गणित म्हणून नेहमी आंतरराष्ट्रीय अंकांतच लिहावे.

फोटो काढल्यावर उत्तराकडे पाहण्यापूर्वी, ॲपने प्रश्न काय वाचला ते पाहावे. साऱ्या सूचनेतील एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरेशी आहे. पाल्याने मोबाइलवरील समीकरण मोठ्याने वाचावे आणि आपण त्याच वेळी पुस्तकातील समीकरणावर बोट ठेवून ते जुळवावे. ‘एक्स वर्ग, अधिक सहा एक्स, वजा सोळा, बरोबर शून्य.’ यासाठी गणित यावे लागत नाही, वाचता आले तरी चालते. आजी-आजोबांनाही हे करता येईल. फरक दिसला तर बहुतेक ॲपमध्ये ते समीकरण तेथेच दुरुस्त करता येते, किंवा फोटो पुन्हा काढावा. संवाद साधणाऱ्या साधनात प्रश्न वर लिहून येत नाही, म्हणून तेथे आधी ‘फोटोतील प्रश्न जसाच्या तसा लिहून दाखव, सोडवू नकोस’ असे सांगावे आणि तो जुळल्यावरच पुढे जावे. सात वह्यांतील चूक ताळ्याने पकडली गेली नाही, पण या वाचनाने ती पाच सेकंदांत पकडली गेली असती.

त्यानंतर संपूर्ण उत्तर न पाहता जेथे फुली आहे तेवढीच पायरी उघडावी. अनेक ॲपमध्ये पायऱ्या एकेक करून उघडता येतात. पायरी वाचावी, मोबाइल पालथा ठेवावा आणि पुढचे वहीत स्वतः लिहावे. मोबाइल समोर उघडा ठेवून लिहिलेली पायरी आणि पालथा ठेवून लिहिलेली पायरी वहीत सारखीच दिसते, हे आम्हांला ठाऊक आहे. म्हणून ही एक बाब पूर्णपणे आपल्या देखरेखीवर सोपवलेली आहे.

पद्धत जुळते का, हे पाहणे

येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बरोबर उत्तर लिहूनही गुण का गेले, ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक पालक याच जागी अडतात.

वरील समीकरण अवयव पाडून सोडवले तर (x + 8)(x − 2) = 0 अशी एक ओळ लिहिली की दोन्ही मुळे मिळतात. ॲपला हा मार्ग सर्वांत जवळचा वाटतो, म्हणून पुष्कळदा तोच आधी दाखवला जातो. परंतु प्रश्नात ‘पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा’ असे स्पष्ट म्हटलेले असेल तर ते उत्तर विचारलेल्या प्रश्नाचे नाही, आणि आमच्या शाळेच्या चाचण्यांत त्याला पायऱ्यांचे गुण मिळत नाहीत. काही ॲपमध्ये पद्धत निवडण्याची सोय असते. ती उत्तराच्या बाजूला किंवा खाली दडलेली असते आणि मुलांना ती माहीत नसते. पाल्याला ती शोधून ठेवायला सांगावे.

पद्धत तीच असली तरी मांडणी वेगळी असू शकते. बालभारतीच्या पुस्तकातील मांडणी अशी आहे:

x² + 6x + k = (x + a)² असेल तर
x² + 6x + k = x² + 2ax + a²
म्हणून 2a = 6, a = 3 आणि k = a² = 9
x² + 6x + 9 − 9 − 16 = 0
(x + 3)² − 25 = 0
(x + 3)² = 25
x + 3 = 5 किंवा x + 3 = −5
x = 2 किंवा x = −8

ॲप मात्र बहुधा आधी 16 उजवीकडे नेते, मग दोन्ही बाजूंस 9 मिळवते आणि x² + 6x + 9 = 25 असे लिहिते. दोन्ही मांडण्या बरोबर आहेत आणि शिक्षक दोन्हींना गुण देतील. अडचण तेव्हा होते, जेव्हा मूल अर्धे पुस्तकातून आणि अर्धे ॲपमधून उतरवते आणि 9 एकदा मिळवून एकदा वजा केलेला आहे की दोन्ही बाजूंस मिळवलेला आहे, याचा त्याला स्वतःलाच मेळ लागत नाही. म्हणून सुरुवात पुस्तकाप्रमाणे केली असेल तर शेवटही पुस्तकाप्रमाणेच करावा. ॲपमधून फक्त एवढेच पाहावे की तो 9 आला कोठून: 6 चे निम्मे 3 आणि 3 चा वर्ग 9. मुलाची फुली बहुधा याच ओळीवर असते.

शेवटच्या दोन ओळींकडेही लक्ष द्यावे. 25 चे वर्गमूळ घेताना 5 आणि −5 या दोन्ही शक्यता लिहाव्या लागतात. एकच लिहिली की एक मूळ हरवते, आणि ही चूक ॲपची नसून उतरवणाऱ्याची असते, कारण ॲप ती ± अशा एका छोट्या चिन्हात दाखवते आणि घाईत ते नजरेतून सुटते.

समजले की उतरवले, हे घरी कसे ओळखावे

गणित पूर्ण झाल्यावर वही मिटावी आणि त्याच समीकरणातील एक आकडा बदलून पाल्याला ते कोऱ्या कागदावर सोडवायला द्यावे. आकडा मनाला येईल तो दिला तर वर्गमूळ विचित्र येऊन मुलाचा विनाकारण गोंधळ होतो, म्हणून आमच्या शिक्षिकांनी सोयीचे आकडे काढून दिले आहेत. x² + 6x − 16 = 0 मध्ये 16 च्या जागी 7, 27, 40 किंवा 55 यांपैकी कोणताही आकडा घालावा. उत्तरे अनुक्रमे 1 व −7, 3 व −9, 4 व −10, आणि 5 व −11 अशी येतात. ज्या पालकांना बीजगणित येत नाही त्यांनी एवढेच पाहावे की दोन्ही उत्तरांची बेरीज प्रत्येक वेळी −6 येते आणि उत्तर मोबाइलशिवाय आले आहे.

मूल हे दहा मिनिटांत करू शकले तर त्याने ॲप वापरले याबद्दल आमची काहीही हरकत नाही. ते अडखळले, तर मूळ गणित बरोबर दिसत असले तरी गृहपाठ झालेला नाही असे समजावे आणि समासातील फुली तशीच ठेवून वही शाळेत पाठवावी. कृपया अशा वेळी रागावू नये. फुली असलेली वही शिक्षकांना कोऱ्या वहीपेक्षा आणि सुबक उतरवलेल्या वहीपेक्षाही जास्त कामाची वाटते.

ताळा करून पाहण्याची सवयही याच वेळी लावावी, मात्र दोन्ही मुळांचा ताळा करावा. −8 घातल्यावर 64 − 48 − 16 = 0 होते. मुलांना ऋण संख्येचा ताळा करायचा कंटाळा असतो, आणि नेमके तेच मूळ चुकलेले असते.

शाब्दिक उदाहरणे आणि भूमिती

शाब्दिक उदाहरणांत ॲप वेगळ्या ठिकाणी कमी पडते. समजा प्रश्न असा आहे की एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ६ मीटरने जास्त असून तिचे क्षेत्रफळ १६ चौरस मीटर आहे, तर रुंदी काढा. रुंदी x मानली तर वरचेच समीकरण मिळते आणि ॲप 2 व −8 ही दोन्ही उत्तरे देते. परंतु रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून −8 हे उत्तर का नाकारले ते मुलाने एका वाक्यात लिहायचे असते, आणि शेवटी ‘बागेची रुंदी २ मीटर आहे’ असे एककासह लिहायचे असते. ‘रुंदी x मानू’ हे पहिले वाक्य आणि नाकारण्याचे हे वाक्य, ही दोन्ही केवळ समीकरणाचा फोटो काढून मिळत नाहीत. अशा उदाहरणात पाल्याने समीकरण स्वतः तयार करावे. ॲपचा उपयोग झालाच तर तो त्यापुढील आकडेमोडीपुरता असावा.

भूमितीसाठी ही साधने वापरू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुस्तकातील आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतातच असे नाही, आणि फोटोवरून साधन कोणता कोन काटकोन आहे किंवा कोणती रेषा स्पर्शिका आहे याचा अंदाज बांधते. तो अंदाज चुकला तरी सिद्धता वाचायला नेटकी वाटते. शिवाय दहावीच्या अभ्यासक्रमात नसलेला कोसाइनचा नियम वापरून दिलेली उत्तरेही आम्ही पाहिली आहेत. सिद्धतेत पक्ष, साध्य, आवश्यक तेथे रचना आणि प्रत्येक विधानापुढे कंसात कारण, अशी मांडणी अपेक्षित असते. कारणाच्या जागी ‘वरून स्पष्ट’ असे लिहिलेली वही पाहिली की ती कोठून आली हे आम्हांला विचारावे लागत नाही.

मोबाइल आणि फोटोविषयी दक्षता

फोटोत पाल्याचे नाव, हजेरी क्रमांक, शाळेचे नाव किंवा वहीचे वेष्टन येऊ देऊ नये; पाल्याचा किंवा घरातील कोणाचाही चेहरा तर नकोच. ही साधने फोटो आपल्या मोबाइलमध्येच ठेवतात असे नाही. तो पुष्कळदा कंपनीच्या संगणकाकडे पाठवला जातो आणि शोधाच्या इतिहासात साठवला जाऊ शकतो. आपल्या खात्याच्या इतिहासात जाऊन तो अधूनमधून पुसावा आणि ॲपला कॅमेऱ्याची परवानगी देताना ‘फक्त ॲप वापरताना’ हा पर्याय निवडावा. स्थानाची, संपर्क यादीची किंवा मायक्रोफोनची परवानगी गणिताच्या ॲपला लागत नाही. मागितली तर नाकारावी.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची पडताळण्याजोगी संमती घेण्याची तरतूद केली आहे. म्हणजे दहावीचा विद्यार्थीसुद्धा यात येतो. पाल्याने वय वाढवून लिहून खाते उघडले असेल तर ते बंद करावे आणि गृहपाठापुरते पालकांच्या मोबाइलवर, पालकांच्या उपस्थितीत ॲप वापरावे. काही ॲपमध्ये सविस्तर पायऱ्यांसाठी पैसे मागितले जातात. आमच्या गृहपाठासाठी असे कोणतेही सशुल्क सदस्यत्व घेण्याची गरज नाही. मोफत चाचणीच्या नावाखाली पेमेंटची माहिती भरून ठेवू नये.

उत्तरांचे फोटो वर्गाच्या किंवा मित्रांच्या ग्रूपवर टाकू नयेत. सात वह्यांच्या प्रकरणात ॲपची चूक एकाच वहीत राहिली असती; ती सात वह्यांत गेली ती ग्रूपमुळे. पालकांच्या ग्रूपवरही ‘आजच्या गृहपाठाची उत्तरे कोणी टाकेल का’ असे संदेश येतात, त्याबाबतही हीच विनंती आहे.

शाळेकडून काय होईल

ज्या गणितासाठी फोटो वापरला त्याच्यासमोर पाल्याने समासात ‘फो’ असे लिहावे. ‘फो’ लिहिल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत. दहावीच्या गणितात लेखी परीक्षेचे ८० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतात, आणि गृहपाठाची नोंद अंतर्गत मूल्यमापनात धरली जाते, त्यामुळे काही पालकांना ही भीती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून हे लेखी कळवत आहोत. मात्र ‘फो’ असलेल्या गणितांपैकी एखादे, आकडा बदलून, शिक्षक त्या मुलाला फळ्यावर किंवा आपल्या टेबलाशी सोडवायला सांगतील. ते आले नाही तर त्या गणिताची नोंद ‘पुन्हा करणे’ अशी होईल आणि ते शनिवारी शाळा सुटल्यावर शिक्षकांसमोर करून घेतले जाईल. ‘फो’ न लिहिता उतरवलेले आढळले तर पहिल्या वेळी पाल्याशी आणि दुसऱ्या वेळी आपल्याशी बोलणे होईल.

ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही किंवा तो पालकांसोबत दिवसभर बाहेर असतो, त्या मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून सोमवार ते शुक्रवार मधल्या सुट्टीत गणिताचे एक शिक्षक ग्रंथालयात बसतील. फुली असलेली वही घेऊन कोणीही जावे. खरे तर मोबाइल असलेल्या मुलांनीही तेथेच जावे असे मला वाटते, परंतु मधल्या सुट्टीत डबा आणि खेळ दोन्ही असतात, याचीही जाणीव आहे.

सोबत जोडलेल्या चिठ्ठीवर पाल्य कोणते ॲप कोणाच्या मोबाइलवर वापरतो एवढे लिहून, सही करून ती येत्या शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावी. ॲप वापरत नसल्यास ‘वापरत नाही’ असे लिहून चिठ्ठी परत करावी, कारण कोरी चिठ्ठी आली तर ती आपणांपर्यंत पोहोचली की नाही हे आम्हांला कळत नाही.

आपली विश्वासू,
मुख्याध्यापिका